सायीच्या दह्याचं लोणी: दही किती गार हवं, पाणी किती घालायचं आणि लोणी का येत नाही

घरी लोणी काढायला बसलं की आजूबाजूचे लोक दोनच सल्ले देतात: "बर्फ घाल" आणि "घुसळत राहा." पहिला सल्ला नागपूरच्या मे महिन्यात बरोबर असतो आणि नाशिकच्या डिसेंबरात नेमका उलटा पडतो. दुसऱ्या सल्ल्याने हात दुखतात. दही चुकीच्या तापमानाला असेल तर तासभर घुसळूनही लोणी येत नाही, आणि योग्य तापमानाला असेल तर साध्या लाकडी रवीनेसुद्धा पंधरा-वीस मिनिटांत येतं. म्हणून या लेखात घुसळण्यापेक्षा दह्याच्या गारव्याबद्दल आणि पाण्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून शहरातलं नेहमीचं घर घेऊ. रोज एक लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध येतं, ते तापवून गार करून साय काढली जाते आणि आठवड्याची साय साठली की विरजण लागतं. गावाकडे अख्ख्या दुधाचं दही लावून डेऱ्यात घुसळतात. त्याचं तत्त्व हेच आहे, फक्त पाण्याचं प्रमाण बदलतं, ते पुढे सांगते.

## काय काय लागेल

- आठवड्याची साय, साधारण ७०० ग्रॅम
- विरजणासाठी दोन चमचे ताजं, आंबट न झालेलं दही
- उंच आणि अरुंद पातेलं, किमान अडीच-तीन लिटरचं
- लाकडी रवी, किंवा मिक्सरचं मोठं भांडं
- स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर (हा नक्की घ्या. महाग नसतो, आणि पहिल्या काही वेळा त्याच्याशिवाय फक्त अंदाजपंचे चालतं)
- फ्रीजमधलं गार पाणी आणि साधं पाणी, दोन्ही हाताशी

पातेल्याच्या आकाराबद्दल हट्ट धरते त्याला कारण आहे. घुसळताना दही फुगतं. पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं असेल तर एक तर ते ओट्यावर येतं, नाहीतर तुम्ही घाबरून हळू घुसळता आणि लोणी लांबतं.

## १. आधी दुधाची पिशवी वाचा

लोणी न येण्याचं कारण कधी कधी दही लावण्याच्या कितीतरी आधी, दूध विकत घेतानाच ठरलेलं असतं. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का. डबल टोन्ड दुधाची साय साठवून लोणी काढायचा विचार सोडून द्या.

त्याहून मोठी अडचण 'होमोजिनाइज्ड' दुधाची आहे. यात दूध मोठ्या दाबाने बारीक फटीतून ढकलतात, त्यामुळे स्निग्धांशाचे थेंब फुटून इतके लहान होतात की ते वर तरंगून येत नाहीत. अशा दुधावर तापवल्यावर पातळ पापुद्रा येतो, जाड साय येत नाही. त्याचं दही लावून घुसळलं तर फेस येतो आणि फेसच राहतो. खोक्यातलं, फ्रीजबाहेर टिकणारं दूध असंच असतं. गाईच्या दुधाच्या काही पिशव्यांवरही हा शब्द छापलेला असतो. पिशवीवर काही कळत नसेल तर दूध उकळा, गार करा आणि न हलवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी चमच्याने उचलता येईल असा जाड थर आला तर दूध कामाचं. पाश्चराइज्ड या शब्दाला मात्र घाबरू नका. त्यात दूध फक्त ठरावीक तापमानापर्यंत तापवलेलं असतं, आणि त्याने लोण्याला काही होत नाही.

परदेशात राहणाऱ्यांना दुकानातलं जवळजवळ सगळं दूध होमोजिनाइज्डच मिळतं. त्यांनी सायीच्या नादी न लागता थेट घट्ट क्रीम आणावं, ते कोमट करून त्यालाच विरजण लावावं आणि पुढच्या पायऱ्या इथल्याच कराव्यात. क्रीममध्ये स्निग्धांश भरपूर असल्यामुळे लोणी येतं.

## २. साय साठवताना

साय नुसतीच डब्यात साठवत गेलात तर पाचव्या-सहाव्या दिवशी तिला कडवट वास यायला लागतो. फ्रीजच्या गारव्यातही वाढणारे काही जिवाणू असतात आणि ते सायीतल्या स्निग्धांशावर आणि प्रथिनांवर काम करतात. हा कडवटपणा लोण्यात उतरतो आणि तूप कढवलं तरी पूर्ण जात नाही.

उपाय सोपा आहे. पहिल्या दिवशी डब्याच्या तळाशी चमचाभर दही घाला आणि रोजची साय त्यावर घालून ढवळत जा. थोडा आंबटपणा असला की नको ते जिवाणू मागे राहतात. डबा फ्रीजमध्येच ठेवायचा. आठवड्याहून जास्त साठवायचं असेल तर फ्रीजरमध्ये ठेवा आणि विरजायच्या आदल्या दिवशी खाली उतरवा.

साय काढताना तिच्याबरोबर थोडं दूध आलं तर येऊ द्या. अगदी कोरडी साय साठवली की दही दगडासारखं घट्ट होतं आणि मग घुसळताना पाणी जास्त घालावं लागतं.

## ३. विरजण

साठलेली साय कोमट करा. गरम नको, बोट सहज ठेवता यावं इतपत, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास. दोन चमचे दही त्यात नीट मिसळा आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं, हिवाळ्यात रात्रभर आणि वर थोडं.

तशीच साय घुसळली तरी लोणी येतं, मग विरजायचं कशाला? चव हे एक कारण. दुसरं असं की आंबटपणामुळे दुधातली प्रथिनं घट्ट होऊन एकत्र येतात आणि स्निग्धांशाचे थेंब वेगवेगळे धरून ठेवायची त्यांची ताकद कमी होते, त्यामुळे ते थेंब एकमेकांना लवकर भेटतात. अदमुरं दही घुसळायला घेतलं तर हा फायदा अर्धवटच मिळतो. दही पूर्ण लागलेलं आणि किंचित आंबट हवं.

दही लागलं की पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, ती म्हणजे किमान चार तास फ्रीज. रात्रभर ठेवलं तर उत्तम. विरजताना साय कोमट केलेली असल्याने तिच्यातला स्निग्धांश बराचसा पातळ झालेला असतो. त्याचा काही भाग पुन्हा गोठायला वेळ लागतो. दही बाहेरून गार लागलं म्हणजे आतले थेंब गोठले असं नसतं.

## ४. तापमान: सगळा खेळ इथे आहे

घुसळायला सुरुवात करताना दही-पाण्याचं मिश्रण म्हशीच्या सायीसाठी १५ ते १८ अंश सेल्सिअस असावं. गाईच्या सायीचा स्निग्धांश मऊ असतो, तिथे दोन-तीन अंश कमी ठेवा.

हा आकडा का? स्निग्धांशाचा प्रत्येक थेंब एका पातळ आवरणात असतो. १५ अंशांच्या आसपास थेंबाच्या आतला काही भाग गोठलेला आणि काही भाग पातळ असतो. रवीच्या घावाने थेंब एकमेकांवर आपटतात, गोठलेल्या भागाची टोकं शेजारच्या थेंबाचं आवरण फोडतात आणि आतला पातळ भाग दोघांना चिकटवतो. याला दोन्ही लागतं. वाळूचा किल्ला कोरड्या वाळूने उभा राहत नाही आणि पाण्यात बुडलेल्या वाळूनेही नाही, ओलसर वाळूच लागते, तसंच.

दही ८ अंशांवर, म्हणजे फ्रीजमधून थेट काढलेलं असेल तर थेंब टणक असतात. आपटतात आणि बाजूला होतात, चिकटत नाहीत. दही २८-३० अंशांवर असेल तर जवळजवळ सगळा स्निग्धांश मऊ झालेला असतो. तेव्हा एक तर लोणी दाण्यात येत नाही, तेलकट मऊ चिखलासारखं होतं, किंवा बारीक थेंब होऊन ताकातच राहून जातं. पूर्वी ताक पहाटे घुसळायचे, त्याचा एक मोठा फायदा हाच होता: दिवसातला सगळ्यात गार वेळ मिळायचा.

घुसळताना तापमान आपोआप एक-दोन अंश वाढतं. मिक्सरमध्ये त्याहून जास्त वाढू शकतं. म्हणून मिक्सर वापरणार असाल तर सुरुवात १४ अंशांच्या आसपास करा.

थर्मामीटर नसेल तर बोट बुडवून पाहा. स्पष्ट गार लागलं पाहिजे, पण बोट तिथेच ठेवलं तर बधिर व्हायला नको. बोट झटकन काढावंसं वाटलं तर दही फार गार आहे.

## ५. पाणी किती आणि कोणतं

पाणी दोन कामं करतं. सायीचं घट्ट दही ते सैल करतं, म्हणजे थेंबांना हलायला जागा मिळते. आणि त्याच वेळी मिश्रण हव्या त्या तापमानाला आणतं. दुसरं काम लक्षात आलं की "गार पाणी की कोमट?" हा वादच उरत नाही, कारण उत्तर दह्याच्या तापमानावर ठरतं.

७०० ग्रॅम सायीच्या दह्याला ३५० ते ५०० मिलिलिटर पाणी पुरतं. आता हिशेब करून पाहू.

हिवाळ्याची सकाळ आहे, दही फ्रीजमधून काढलंय आणि ८ अंशांवर आहे. त्यात ३५० मिलिलिटर ३० अंशांचं, म्हणजे हाताला ना गार ना कोमट वाटणारं पाणी घातलं. ७०० गुणिले ८ म्हणजे ५,६००, ३५० गुणिले ३० म्हणजे १०,५००. बेरीज १६,१००, तिला एकूण वजनाने, १,०५० ने भागलं की साधारण १५ अंश. आकडा ढोबळ आहे, पातेलंही थोडी उष्णता घेतं, पण कामाला पुरेसा आहे.

उन्हाळ्यात उलट. दही फ्रीजमध्ये ठेवायचं राहून गेलं, ते २४ अंशांवर आहे. ५०० मिलिलिटर बर्फाचं पाणी, ३ अंशांचं, घाला: १६,८०० अधिक १,५००, भागिले १,२००. पुन्हा १५ च्या आसपास. मात्र यात एक मेख आहे. पाणी घालून मिश्रण लगेच गार होतं, पण थेंबांच्या आत गोठण्याला वेळ हवा असतो. म्हणून असं केल्यावर अर्धा तास पातेलं फ्रीजमध्ये ठेवून मगच घुसळा.

हिशेबातलं पाणी तापमानासाठी सुरुवातीलाच घालायचं, पण तेवढ्यावर पाणी संपवू नका. आणखी थोडं हाताशी राखून ठेवा. ते कधी लागतं ते पुढच्या पायरीत येईल.

अख्ख्या दुधाच्या दह्यात मुळातच पाणी भरपूर असतं, तिथे लिटरभर दह्याला पाव लिटर पाणी खूप झालं. त्याहून जास्त घातलं तर थेंब इतके विरळ होतात की एकमेकांना गाठच पडत नाही, आणि ताकही पांचट होतं.

## ६. घुसळताना काय दिसतं

सुरुवातीला मिश्रण सैल असतं आणि रवी सहज फिरते. पाच-सात मिनिटांत ते फुगतं, गुळगुळीत होतं आणि रवी जड होते. ही फेसाची अवस्था आहे. थेंब हवेच्या बुडबुड्यांभोवती गोळा झालेले असतात. नवशिके हमखास इथेच थांबतात, कारण पांढरंशुभ्र घट्ट काहीतरी वर आलेलं दिसतं आणि तेच लोणी वाटतं. चमच्यात घेऊन बोटांनी दाबा. नुसता मऊ फेस लागला, पाणी सुटलं नाही, तर ते लोणी नाही. घुसळत राहा.

फेस फारच घट्ट होऊन रवीला चिकटून बसला आणि फिरेना, तर राखून ठेवलेल्या पाण्यातलं थोडं घाला. ज्या तापमानाचं मिश्रण आहे साधारण त्याच तापमानाचं.

मग फेस बसतो. गुळगुळीतपणा जाऊन पृष्ठभाग खरखरीत, रवाळ दिसतो. रवीचा आवाज बदलतो: आधी जाड, दबका असतो, आता पाणी खळखळल्यासारखा येतो. पातेल्याच्या कडा आणि रवीचे दात स्वच्छ दिसायला लागतात. हा क्षण ओळखायला शिका, कारण इथून पुढे जोर लावायचा नसतो. रव्याएवढे कण ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की उरलेलं पाणी, आता मात्र चांगलं गार, कडेने घाला आणि रवी हळू फिरवा. गार पाण्याने दाणे टणक होतात, ताकापासून वेगळे राहतात आणि वर तरंगून एकत्र येतात. बर्फ घालायचाच असेल तर त्याची जागा ही आहे.

मिक्सरमध्ये हे सगळं दोन-चार मिनिटांत होतं आणि म्हणून हुकतं. भांडं अर्धंच भरा, दहा-दहा सेकंद फिरवा आणि प्रत्येक वेळी झाकण उघडून पाहा. दाणे दिसल्यावरही फिरवत राहिलात तर पाती ते पुन्हा बारीक करतात आणि लोण्यात ताक कोंडून बसतं.

## ७. लोणी येत नाही: कारण कसं ओळखायचं

पंचवीस मिनिटं झाली आणि लोणी नाही, तर आधी घुसळणं थांबवा. थर्मामीटर बुडवा आणि पातेल्यात नीट पाहा.

घट्ट फेस, खाली बसत नाही, तापमान १२ च्या खाली: फार गार आहे. पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवा आणि हळू ढवळत १६-१७ अंशांपर्यंत आणा. थेट गरम पाणी ओतू नका, जिथे पडेल तिथला स्निग्धांश वितळून तेल होतो आणि बाकीचा गारच राहतो. नेमक्या याच अवस्थेत लोक आणखी बर्फ घालतात, आणि मग काहीच होत नाही.

पातळ, पांढरंफटक, पृष्ठभागावर तेलकट चकाकी, तापमान २२ च्या वर: फार ऊब लागली. पातेलं झाकून एक तास फ्रीजमध्ये ठेवा, मग पुन्हा घुसळा. बर्फाचे खडे टाकून लगेच घुसळल्यास वर सांगितलेल्या कारणाने अर्धंच लोणी हाती येतं.

तापमान बरोबर, पण मिश्रण मलमासारखं आणि रवी अडकतेय: पाणी कमी पडलंय. त्याच तापमानाचं शंभर मिलिलिटर पाणी घाला, दोन मिनिटं घुसळा आणि पाहा.

तापमान बरोबर, मिश्रण पातळ, वर हलका फेस, कितीही घुसळलं तरी तसंच: स्निग्धांशच कमी आहे किंवा दूध होमोजिनाइज्ड आहे. याला इलाज नाही. त्याची कढी करा आणि पुढच्या वेळी पिशवी बदला.

बारीक कण दिसतात, पण गोळा होत नाहीत: बहुतेक वेळा एक-दोन अंशांचाच फरक असतो. रवी बाजूला ठेवून पातेलं दहा मिनिटं स्वस्थ राहू द्या, कण वर येतील. मग पळीने एका दिशेने हळू फिरवत त्यांना कडेला आणा. तरीही बारीकच राहिले तर ओल्या सुती फडक्यातून गाळून घ्या. आकार लहान असला तरी ते लोणीच आहे.

सगळं लोणी निघालं की नाही हे ताकावरून कळतं. नीट निघालं असेल तर ताक पातळ, किंचित निळसर दिसतं आणि ओठांना तेलकट लागत नाही. शंका असेल तर ग्लासभर ताक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर जाड पांढरा थर दिसला तर तेवढं लोणी ताकात राहिलं होतं.

## ८. धुणं आणि गोळा

हात आधी गार पाण्यात बुडवून घ्या, नाहीतर लोणी हाताला चिकटतं. दाणे ओंजळीने उचलून दुसऱ्या भांड्यात गार पाण्यात टाका, हलकेच दाबा आणि पाणी ओतून द्या. हे पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत करायचं, साधारण तीन वेळा. लोण्यात ताक राहिलं तर ते दोन दिवसांत आंबट होतं, आणि तूप कढवताना बेरी जास्त पडून पातेल्याला लागते. ताटकळत ठेवून खूप मळूही नका. पाणी निथळलं, गोळा झाला, पुरे.

७०० ग्रॅम सायीतून, सायीत दूध किती आलं होतं त्यावर अवलंबून, सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम लोणी मिळायला हवं. दीडशेच्या खाली आलं तर ताक तपासा. लोण्यात पाचवा हिस्सा तरी पाणीच असतं, त्यामुळे कढवल्यावर तूप पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमच भरतं. ते पाहून लोणी वाया गेलं असं समजू नका.

भाकरीवर खायला ठेवायचं लोणी झाकणाच्या डब्यात गार पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा आणि पाणी रोज बदला, चार-पाच दिवस ताजं राहतं. तूपच करायचं असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर चढवा.